पावडरचं दूध बनवताना पाणी आणि चमच्याचं माप: पातळ किंवा घट्ट झालं तर काय होतं

आईचं दूध पुरत नाही किंवा देता येत नाही म्हणून डॉक्टरांनी डबा लिहून दिला, की घरात सल्ले सुरू होतात. 'पहिले काही दिवस पातळच कर, जड पडेल.' 'रात्रीच्या बाटलीत एक चमचा जास्त घाल, निवांत झोपेल.' 'उन्हाळा आहे, थोडं पाणी वाढव.' सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण गाईच्या दुधात पाणी घालायच्या सवयीतून आलेले हे सल्ले डब्याच्या दुधाला लागू पडत नाहीत. ती पावडर सांगितलेल्या पाण्यात कालवली तरच १०० मिली दुधात सुमारे ६५ ते ६७ कॅलरी आणि बाळाच्या मूत्रपिंडांना झेपेल इतकंच मीठ व प्रथिनं उतरतात. पचायला सोपं करण्याचं काम कारखान्यात आधीच झालेलं असतं.

भारतात मिळणाऱ्या बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं. चमचा म्हणजे त्याच डब्यातला प्लास्टिकचा स्कूप, घरातला चहाचा चमचा नव्हे. त्यात साधारण साडेचार ग्रॅम पावडर मावते. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो. खालची सगळी उदाहरणं या मापाची आहेत. तुमच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा.

दूध असं बनवा

१. हात साबणाने धुवा. बाटली, निपल किंवा वाटी-चमचा धुऊन उकळून घ्या.

२. पिण्याचं पाणी खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. माप उकळल्यानंतरच घ्यायचं. १२० मिली मोजून मग उकळलं तर वाफेत थोडं उडून जातं आणि दूध घट्ट होतं.

३. आधी पाणी, मग पावडर. मोजलेलं पाणी बाटलीत घ्या, बाटली ओट्यावर सपाट ठेवा आणि डोळे रेघेच्या पातळीला आणून वाचा. हातात उचलून तिरक्या बाटलीत वाचलेलं माप सहज पाच-दहा मिलीने चुकतं.

४. स्कूप पावडरीत बुडवून भरा. दाबू नका, ठोकू नका. वरची शीग स्वच्छ, कोरड्या सुरीच्या पाठीने सपाट काढा. डब्याच्या तोंडाला पट्टी असेल तर तिच्यावरून ओढा.

५. चमचे मोठ्याने मोजत घाला. मध्ये कुणी हाक मारली आणि आकडा चुकला, तर अंदाजाने पुढे जाऊ नका. ते ओतून टाका आणि पुन्हा सुरुवात करा.

६. झाकण लावून हलवा, गुठळी राहू देऊ नका. बाटली थंड पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा.

पाणी किती गरम असावं यावर गोंधळ होतो. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना किमान ७० अंशांचं पाणी वापरायला सांगते. म्हणजे उकळून उतरवल्यावर अर्ध्या तासाच्या आत. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल, तर याबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारा. बनवलेलं दूध दोन तासांत वापरा, आणि बाळाने उष्टावलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

आता तिसऱ्या पायरीबद्दल, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. समजा १२० मिली पाण्याला चार चमचे, म्हणजे १८ ग्रॅम पावडर घालायची आहे. कुणी आधी चार चमचे बाटलीत टाकले आणि मग १२० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं. विरघळल्यावर १८ ग्रॅम पावडर स्वतःच १३-१४ मिली जागा घेते. म्हणजे पाणी पडलं जेमतेम १०६ मिली, आणि दूध दहा टक्क्यांहून थोडं जास्त घट्ट झालं. चमचे बरोबर, रेघ बरोबर, तरीही चूक. योग्य क्रमाने केलं तर दूध १२० च्या रेघेच्या वर, १३३ च्या आसपास जातं. ते पाहून 'जास्त झालं' असं वाटून घेऊ नका.

चमच्यावरची शीग हीसुद्धा छोटी गोष्ट नाही. प्रत्येक चमच्यावर पाव चमचा शीग राहिली तर चार चमच्यांत पाचवा चमचा नकळत गेला.

घरात बोंडलं किंवा वाटी-चमचा वापरत असाल तर फार चांगलं, पण वाटीला माप नसतं. मापाच्या भांड्यात दूध बनवा, मग वाटीत ओता. बाटलीवरच्या रेघांवरही एकदा तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. औषधाच्या दुकानातून दहा मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका, आणि सहा वेळा भरून पाणी बाटलीत सोडा. पाणी ६० च्या रेघेला लागलं पाहिजे.

परदेशातून आलेला डबा

पुणे-मुंबईतल्या कितीतरी घरांत अमेरिकेहून येणारे नातेवाईक डबे घेऊन येतात. तिथल्या बऱ्याच डब्यांत स्कूप मोठा, जवळपास नऊ ग्रॅमचा असतो आणि त्याला दोन औंस, म्हणजे ६० मिली पाणी लागतं. इथल्या सवयीने त्या स्कूपला ३० मिली पाणी घातलं तर दूध दुप्पट घट्ट होतं. उलट, इथला छोटा स्कूप ६० मिलीत घातला तर ते निम्म्यावर येतं. म्हणून एका डब्याचा स्कूप दुसऱ्या डब्यात कधीही टाकू नये, आणि डबा संपला की त्याचा स्कूप त्याच्याबरोबरच टाकून द्यावा. नवा डबा उघडल्यावर, तोच ब्रँड असला तरी, माप पुन्हा वाचा.

दूध पातळ झालं तर

तीन महिन्यांचं, साडेपाच किलोचं बाळ घेऊ. ते दिवसातून सहा वेळा, दर वेळी चार चमच्यांचं दूध पितं. योग्य मापात दर वेळी साधारण ९० कॅलरी मिळतात, दिवसाच्या ५४० च्या आसपास. महिनाअखेरीला डबा पुरवायचा म्हणून आजीने तेच चार चमचे १८० मिली पाण्यात घातले. रंग पांढराच राहिला, बाटली तर उलट जास्त भरली. बाळाने नेहमीइतकं १३० मिलीच्या आसपास प्यायलं, की त्याला ६० कॅलरीच मिळाल्या. दिवसाला जवळपास १७०-१८० कॅलरींचा खड्डा पडला, आणि प्रथिनं, कॅल्शियम, लोहही त्याच प्रमाणात कमी झालं. पोट पाण्याने भरतं, म्हणून बाळ काही वेळ शांतही राहतं. वजन काट्यावर अडकलं की मग लक्षात येतं.

उपासमारीपेक्षा लवकर घात करतं ते पाणी. लहान बाळाची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी झपाट्याने बाहेर टाकू शकत नाहीत. ते पाणी रक्तात साचतं आणि सोडियम विरळ होतं. रक्तात ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असायला हवं. ते फार खाली आलं की पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदूला सूज येते आणि बाळाला झटके येतात. त्याआधी बाळ मलूल होतं, दुधासाठी उठवावं लागतं, अंग गार लागतं, डोळ्यांभोवती सूज दिसते. ताप नसताना आकडी आली तर दूध कसं बनवलं जातं, हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरून पाणी पाजू नये, ते याच कारणाने. उन्हाळ्यातही योग्य मापाच्या दुधातलं पाणी त्याला पुरतं. जुलाब लागले तरी दूध पातळ करायचं नाही. ओआरएस द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, वेगळं द्यायचं.

दूध घट्ट झालं तर

घट्ट दुधात मीठ आणि प्रथिनांचा कचरा जास्त, पाणी कमी. तो कचरा लघवीतून बाहेर काढायला पाणी लागतं. मोठ्या माणसाइतकी घट्ट लघवी बाळाला करता येत नाही; सुरुवातीच्या महिन्यांत त्याची ताकद साधारण निम्मीच असते. मग शरीर स्वतःजवळचं पाणी खर्च करतं आणि रक्तातलं सोडियम वर चढतं.

इथे एक चक्र सुरू होतं, ते ओळखायला शिका. बाळाला तहान लागते. तहान सांगायला त्याच्याजवळ रडण्याखेरीज काही नसतं. घरच्यांना वाटतं भूक लागली, आणि ते पुन्हा तेच घट्ट दूध देतात. तहान आणखी वाढते. त्यात ताप, उलटी किंवा जुलाबाची भर पडली तर एक-दोन दिवसांत बाळ अत्यवस्थ होतं. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये शिगेचे चमचे भरून दूध देण्याच्या सवयीमुळे अशी बाळं इस्पितळात येत होती. तेव्हाच्या पावडरीत सोडियमही जास्त असे. पुढे ते कमी केलं गेलं, तरी जास्त पावडर घातली की धोका परत येतोच.

घरी पाहायच्या खुणा अशा: चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू, गडद पिवळी शू, कोरडं तोंड, खड्यासारखी शी, किरकिर आणि किंचाळल्यासारखं रडणं. टाळू खोल गेलेली नसली तरी निर्धास्त राहू नका. या प्रकारात शरीरातलं पाणी कमी झाल्याच्या नेहमीच्या खुणा उशिरा दिसतात. पोटावरची त्वचा चिमटीत धरल्यावर मळलेल्या कणकेसारखी लागते.

वजन वाढत नाही म्हणून आपल्या मनाने चमचे वाढवणं याचसाठी धोक्याचं आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या काही बाळांना डॉक्टर जास्त कॅलरीचं दूध देतात, पण ते बाळापुरतं लिहून दिलेलं असतं आणि त्यावर लक्ष ठेवलेलं असतं.

चूक झाल्याचं लक्षात आलं तर

एखादी बाटली चुकली आणि बाळ हसतं-खेळतं आहे, तर पुढची बाटली बरोबर मापाने बनवा. पातळ झालं म्हणून पुढची घट्ट, असा हिशेब जुळवायला जाऊ नका. बरेच दिवस चुकीचं माप दिलं गेलं असेल, तर बाळ ठीक दिसत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घट्ट दूध दिलं गेलं म्हणून घरी नुसतं पाणी पाजून उतारा करू नका. वाढलेलं सोडियम झपाट्याने उतरलं तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. म्हणून इस्पितळात ते दोन दिवस किंवा त्याहून जास्त वेळ घेऊन हळूहळू उतरवतात.

बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल किंवा झटका आला असेल, तर थेट इस्पितळ गाठा. जाताना डबा, त्यातला स्कूप आणि वापरातली बाटली पिशवीत टाका. किती पाण्याला किती चमचे घालत होता, किती दिवसांपासून, आणि शेवटची शू कधी झाली, हे सांगा. रक्तातलं सोडियम तपासायचं, हे डॉक्टरांना त्यावरून लगेच कळतं.