अपघातानंतर पुन्हा स्कूटर धरताना या चुका टाळा

रत्नागिरीत बायकांना स्कूटर शिकवते मी. नवीन शिकणाऱ्यांइतक्याच अपघातानंतर हात सुटलेल्याही येतात, आणि बहुतेक जणी घरच्यांच्या घाईमुळे बिघडून आलेल्या असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "एकदा दणक्यात चालवली की भीती जाते" हा समज. पावसकडची एक शिक्षिका होती. जुलैमध्ये डंपरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या लाल चिखलावरून गोळपजवळच्या वळणावर तिची गाडी सरकली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हात वापरायला परवानगी दिली त्याच आठवड्यात भावाने तिला संध्याकाळच्या गर्दीत थेट भाट्ये पुलावर नेलं. "बस गो, काय नाय होत," म्हणत तो मागे बसला. पुलाच्या मध्यावर समोरून एसटी आली, हिचे हात थरथरायला लागले आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. शेवटी भावानेच गाडी घरी आणली. त्यानंतर ती दोन महिने मागच्या सीटवरसुद्धा बसली नाही. म्हणजे भीती पडण्याची होती, तिच्यात पुलाची भर पडली.

माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या दिवशी चावीला हात लावू दिला नाही. वही घेऊन बसलो. कुठल्या गोष्टीची दहापैकी किती भीती वाटते ते तिनेच लिहिलं: खळ्यात इंजिन चालू ठेवून बसणे ३, वाडीतून देवळापर्यंत जाणे ५, गोळपपर्यंत मागे बसून जाणे ६, पूल रविवारी सकाळी सातला ८, ते वळण ९, पूल शाळेच्या वेळेला १०. आमची शिडी हीच. रोज अर्धा-पाऊण तास, एका वेळी एकच पायरी. पायरी सुरू करताना आकडा दोन-तीनवर येईपर्यंत वरची पायरी नाही. "आज दोन पायऱ्या करू का?" असं विचारणाऱ्यांना मी नाहीच म्हणते, कारण फसलेली उडी भरून काढायला आठवडे जातात.

दुसरी चूक मला पहिलीपेक्षाही छळते: भीती टोकाला असताना मागे फिरणे. त्या क्षणी सुटका झाल्यासारखं वाटतं, आणि मन नेमकं तेच धरून ठेवतं की परत फिरलो म्हणून वाचलो. देवळाच्या रस्त्याला तिसऱ्याच दिवशी तिला "मॅडम, घरी जाऊया" झालं. आकडा ८. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून ती सीटवरच बसून राहिली. मी धीराचं काही बोलले नाही, दर पाच मिनिटांनी फक्त आकडा विचारला. पंधरा मिनिटांनी ७, पंचवीस मिनिटांनी ४. मग देवळापर्यंत जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी आकडा ५ ला सुरू झाला. पुलावर असं थांबता येत नाही. म्हणून आधी पूल पायी, मग मागे बसून, आणि नंतरच स्वतः.

पुढच्या गोष्टी थोडक्यात. गाडी मेकॅनिककडून तपासल्याशिवाय सरावाला घेऊ नका. पडल्यावर हँडल किंवा पुढचा फोर्क किंचित वाकलेला असतो, गाडी एका बाजूला ओढते आणि बाईला वाटतं आपलाच हात कापतोय. डोक्याला मार लागला असेल आणि चक्कर येत असेल तर ती भीती समजू नका, आधी डॉक्टर. झोपेची किंवा शांत करणारी गोळी घेऊन चालवणं तर निव्वळ धोका आहे, वर भीती उतरायला शिकण्याची संधीही जाते.

आणखी एक चूक हळूच शिरते. नवरा सोबत असेल तरच, वीसच्या वरती नाहीच, अशा अटी. सुरुवातीला चालतील, पण प्रत्येक अट शिडीवर लिहून एकेक काढायची असते. शिक्षिकेची शेवटची अट होती, मी मागून माझ्या गाडीवर यायचं. ती मी आधी शंभर मीटर अंतर ठेवून, मग पुलाच्या अलीकडे थांबून काढली.

अपघाताची दृश्यं डोळ्यांसमोर येणं, दचकून जागं होणं महिनाभरानंतरही चालू असेल, तर माझ्यासारखीने शिडी लावू नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा.

शिक्षिका डिसेंबरात शाळेला स्वतः जायला लागली. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि त्या वळणाचा आकडा पुन्हा ६ झाला. तिने मला फोन केला नाही. वही काढली आणि रविवारी सकाळी सातला ओल्या रस्त्यावर पुलापासून सुरुवात केली.