हलगीचा लूप कापताना मार्कर उशिरा पडला की एक नाही, दोन स्लाइस वाया जातात

पहिल्यांदाच रेकॉर्डिंगमधून ठोके कापायला बसणाऱ्यांसाठी लिहितोय. लूप, बार, बीपीएम तुम्हाला माहीत आहे असं धरतो आणि मला ज्या एका गोष्टीनं दीड महिना रडवलं तीच नीट सांगतो.

खानापूर तालुक्यात आमच्या गावच्या जत्रेत हलगी, घुमकं आणि कैताळ रेकॉर्ड केलं होतं, ४८ किलोहर्ट्झ, मोनो. त्यातले दोन बार उचलले, साधारण ९६ बीपीएम, म्हणजे ५ सेकंदांच्या आसपासचा तुकडा. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, `Dynamic split items` उघडलं आणि आहे त्या सेटिंगवर स्प्लिट मारलं. ३४ तुकडे झाले. पॅडवर वाजवले तर ठेका बरोबर पण हलगी मेल्यासारखी. हलगीवाल्या मामांना ऐकवलं तर म्हणाले, "पोरा, ताल हाय की, पण टणका कुठं गेला?"

मग मी ईक्यू लावला, कंप्रेसर लावला, काही उपयोग नाही. बेळगावातल्या एका स्टुडिओवाल्या सरांनी सांगितलं की तयार सॅम्पल पॅक घे आणि मोकळा हो. असा सल्ला देणाऱ्यांकडे परत जाऊ नका, माझं स्पष्ट मत आहे, ज्यांनी स्वतः वेव्हफॉर्म झूम करून बघितलेला नाही ते तुम्हाला चूक दाखवूच शकत नाहीत.

चूक होती मार्करच्या जागेत. ट्रान्झियंट डिटेक्शन, म्हणजे ठोका कुठं सुरू होतो ते शोधणं, त्याच्या सेटिंगमध्ये `Zero crossings` चालू होतं. मार्कर शून्य रेषेवर सरकवला की कापलेल्या जागी क्लिक येत नाही, म्हणून सगळे ते चालू ठेवायला सांगतात. पण माझ्या रेकॉर्डिंगमध्ये हलगीच्या खाली घुमक्याचा आवाज घुमतोय, ८० हर्ट्झच्या आसपास. त्याची एक लाट साडेबारा मिलिसेकंदांची, म्हणजे ती शून्यावरून जाते साधारण सव्वासहा मिलिसेकंदांतून एकदाच. हलगीची काठी पडते त्या वेळी लाट वर असेल तर मार्कर ठोक्यावर न बसता पुढच्या शून्यापर्यंत सरकू शकतो, आणि काठीचा जो टणका आहे तो तर पहिल्या दोन-चार मिलिसेकंदांतच असतो. तो गेला. गेला कुठं? आधीच्या स्लाइसच्या शेपटीत, कारण एका स्लाइसचा शेवट आणि पुढच्या स्लाइसची सुरुवात हा एकच मार्कर असतो.

ओळखायचं कसं तर स्लाइस एकटी सोलो करून अगदी शेवटपर्यंत ऐका. संपता संपता बारीक "टक्" आलं तर पुढचा मार्कर उशिरा आहे. माझ्या ३४ पैकी ११ स्लाइसमध्ये ते होतं आणि मी दीड महिना फक्त सुरुवातच ऐकत होतो!

घाबरू नका, दुरुस्ती तासाभराची आहे. `Zero crossings` बंद करा. मग प्रत्येक मार्कर इतका झूम करून बघा की रेषेचे चढउतार सुटे दिसतील, आणि काठीचा चढ जिथं सुरू होतो त्याच्या १ मिलिसेकंद आधी मार्कर ठेवा, म्हणजे ४८ सॅम्पल. याहून फार मागे नेऊ नका, १० मिलिसेकंद आधी ठेवलात तर पॅड दाबल्यावर ठोका उशिरा येतोय असं बोटाला जाणवतं. क्लिकसाठी सुरुवातीला १ मिलिसेकंदाचा फेड पुरतो. पण स्प्लिट केल्यावर सॉफ्टवेअर आपणहून लांब फेड लावतंय का ते बघाच, तोही टणका खातो.

आता मार्करची संख्या. मामांना शेजारी बसवून ठोके मोजले तर २६ निघाले. मशीनचे ३४. जादा ९ पैकी ७ ठिकाणी हलगी आणि कैताळ एकत्र पण वीसेक मिलिसेकंद मागंपुढं पडले होते म्हणून दोन-दोन मार्कर आले होते, तिथं पहिला ठेवायचा आणि दुसरा काढायचा, दोन्ही वाजणं मिळून एकच ठोका आहे. उरलेले २ कुणाच्या तरी आरोळीचे. आणि एक हळू ठोका सुटलेला, तो हातानं घातला. सेन्सिटिव्हिटी वाढवून तो सापडला असता, पण सोबत डझनभर खोटे मार्कर आले असते. आधी कानानं मोजा, मग स्लायडरला हात लावा.

फेड लावायच्या आधी एक तपासणी करा. सगळ्या स्लाइस मूळ जागी एका ट्रॅकवर लावा, खाली मूळ लूप ठेवा आणि त्याची फेज उलटी करा. दोन्ही एकत्र वाजवल्यावर पूर्ण शांतता हवी. कुठं आवाज उरला तर तिथली स्लाइस हललीय किंवा तिच्यावर फेड, नाहीतर स्ट्रेच बसलाय. एक लक्षात घ्या, मार्कर चुकीच्या जागी असला तरी ही तपासणी पास होते, तुकडे जोडले की टणका परत जागेवर येतो ना! त्यासाठी शेपटीच ऐकावी लागते. माझी शांतता पहिल्याच दिवशी आली होती, म्हणून तर मी मार्करवर संशयच घेतला नाही.

आणि पुढच्या जत्रेत हलगी जाळावर शेकून झाली की लगेच रेकॉर्ड करा. आमच्याकडच्या पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, ठोक्याचा चढ गोल होतो, आणि मग मार्कर नक्की कुठं ठेवायचा हे झूम करूनही कळत नाही.