चॅट डिलीट केलं म्हणजे खरंच गेलं का? चॅटजीपीटी आणि जेमिनीचं गणित, स्टेप बाय स्टेप

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा रात्री साडेदहाला फोन आला. तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या काकांचं, हॉस्पिटलचं डिस्चार्ज पेपर समजून घ्यायला तिनं सगळंच्या सगळं चॅटजीपीटीत पेस्ट केलं होतं, नाव, वय, पत्ता, आधारचे शेवटचे आकडे, औषधं सगळं, आणि नंतर घाबरून "उडवलं". आता ती विचारत होती की ते कुठे गेलं, कंपनीकडे अजून आहे का. तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून ठेवतोय कारण हा प्रश्न मला आता दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं.

पहिली स्टेप: तुम्ही नक्की काय दाबलंय ते बघा.
चॅटच्या नावाशेजारच्या तीन टिंबांवर दाबलं की खाली Archive आणि Delete दोन्ही येतात, एकाच मेन्यूत. दोन्हींनी चॅट डावीकडच्या यादीतून गायब होतं म्हणून लोकांना वाटतं काम झालं. Archive केलेलं चॅट फक्त कपाटात ठेवलेलं असतं, कायमचं. Settings मध्ये Data controls, तिथे Archived chats उघडून बघा. माझ्या बहिणीचं चॅट तिथेच होतं, जसंच्या तसं, म्हणजे तिनं "उडवलं" त्या दिवसापासून डिलीटचं घड्याळ सुरूच झालं नव्हतं.

दुसरी स्टेप: डिलीट केल्याची तारीख लिहून ठेवा आणि त्यात ३० दिवस मिळवा.
चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचं धोरण असं आहे की डिलीट केलेलं चॅट तुमच्या खात्यातून लगेच दिसेनासं होतं, पण त्यांच्या सिस्टीममधून ते ३० दिवसांच्या आत कायमचं काढायचं असतं. म्हणजे ९ जानेवारीला दाबलं तर ८ फेब्रुवारी ही बाहेरची मुदत. तोवर प्रत सर्व्हरवर असू शकते. Temporary chat वापरलं तरी हेच, ते हिस्टरीत दिसत नाही पण सुरक्षेच्या कारणासाठी ३० दिवसांपर्यंत प्रत ठेवतात. "टेम्पररी" शब्दामुळे लोक बिनधास्त होतात, तसं होऊ नका.

तिसरी स्टेप: धोरणातला "परंतु" शोधा.
कुठल्याही कंपनीचं रिटेन्शनचं, म्हणजे डेटा किती काळ ठेवतात त्याचं, पान उघडलंत की मुदतीचा आकडा वाचून थांबू नका, त्याच्या पुढचं "unless" वाचा. ओपनएआयच्या बाबतीत तिथे दोन दारं आहेत. एक, चॅट आधीच तुमच्या नावापासून वेगळं केलेलं असेल तर ते डिलीटमध्ये येत नाही. दुसरं, सुरक्षेसाठी किंवा कायद्यासाठी ठेवावं लागत असेल तर ३० दिवसांचा नियम बाजूला पडतो.

हे दुसरं दार नुसतं कागदावर नाहीये, ते खरोखर उघडलंय आणि त्याचीच गोष्ट सगळ्यात समजून घेण्यासारखी आहे. न्यूयॉर्क टाइम्सनं डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआयवर कॉपीराइटचा दावा लावला. त्या खटल्यात १३ मे २०२५ ला अमेरिकन कोर्टानं सांगितलं की चॅटजीपीटीचं जे उत्तराचं रेकॉर्ड एरवी पुसलं गेलं असतं ते आता पुसायचं नाही, सांभाळून ठेवायचं. कारण वृत्तपत्राचं म्हणणं होतं की डिलीट झालेल्या चॅटमध्ये पुरावा असू शकतो.

आता दोन माणसं घ्या. एकानं १ एप्रिल २०२५ ला चॅट डिलीट केलं, त्याची मुदत १ मे ला संपली, आदेश यायच्या आत, त्यामुळे धोरणाप्रमाणे त्याचं काम झालेलं असायला हवं. दुसऱ्यानं २० एप्रिलला डिलीट केलं, त्याची मुदत २० मे होती, पण मधे १३ मे आली. तोवर ज्याची प्रत पुसली गेली नव्हती ती अडकली. त्या माणसानं काही चूक केली नव्हती, बटण बरोबर दाबलं होतं, भांडण तिसऱ्याच दोघांचं होतं. एंटरप्राइज आणि एज्युकेशनची खाती या आदेशाबाहेर होती, साधी फुकटची, प्लस आणि प्रोची खाती मात्र आत होती. ही बंधनं २६ सप्टेंबर २०२५ ला सुटली आणि कंपनी परत ३० दिवसांवर आली, पण मधल्या काळातला जमा झालेला डेटा काही लगेच पुसला गेला नाही, तो कायद्याच्या कामासाठी वेगळा कुलपात ठेवल्याचं त्यांनी सांगितलं.

चौथी स्टेप: चॅटच्या बाहेर सांडलेलं पुसा.
चॅट डिलीट केलं तरी त्यातून चॅटजीपीटीनं "लक्षात ठेवलेलं" डिलीट होत नाही. Settings मध्ये Personalization, तिथे मेमरीची यादी उघडा. माझ्या बहिणीच्या यादीत "वडिलांना मधुमेह आहे, औषध बदललंय" असं एक वाक्य होतं, चॅट गेलं असतं तरी ते राहिलंच असतं. ते वेगळं डिलीट करावं लागलं. चॅटची लिंक कोणाला पाठवली असेल आणि त्यानं ते स्वतःच्या खात्यात घेतलं असेल तर त्याची प्रत तुम्हाला पुसता येत नाही, त्यालाच सांगावं लागेल. आणि Data controls मधलं Improve the model for everyone बंद करा, मात्र त्यानं पुढची चॅट मॉडेलच्या ट्रेनिंगला जाणं थांबतं, आधी ट्रेनिंगमध्ये गेलेलं परत निघत नाही.

पाचवी स्टेप: जेमिनी वापरत असाल तर त्याचं गणित वेगळं धरा.
गुगलकडे तुमचं चॅट अ‍ॅक्टिव्हिटी नावाच्या नोंदीत साठतं आणि आपोआप डिलीट व्हायची मुदत ठरवता येते, ३, १८ किंवा ३६ महिने, तुम्ही काही केलं नसेल तर साधारण १८ महिने. अ‍ॅक्टिव्हिटी बंद केली तरी चॅट ७२ तासांपर्यंत ठेवतात, उत्तर द्यायला आणि सेवा सुरक्षित ठेवायला. पण लक्ष द्यायची जागा दुसरीच आहे. काही चॅट माणसं तपासायला घेतात, आणि जे तपासलं गेलं ते तुम्ही अ‍ॅक्टिव्हिटी डिलीट केली तरी जात नाही, तुमच्या खात्यापासून वेगळं करून ३ वर्षांपर्यंत ठेवतात. वेगळं केलेलं म्हणजे खात्याशी जोडलेलं नाही एवढंच, चॅटच्या आत तुम्हीच नाव-पत्ता लिहिला असेल तर तो त्या मजकुरात आहेच. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण डिस्चार्ज पेपरसारख्या कागदात ओळख मजकुरातच भरलेली असते.

ऑफिसच्या खात्यावरचं चॅट असेल तर यातलं काहीच धरू नका, तिथे मुदत बहुतेकदा कंपनीचा अ‍ॅडमिन ठरवतो, तुमचं Delete फक्त तुमच्या स्क्रीनपुरतं असू शकतं. आयटीवाल्याला सरळ विचारा.

बहिणीनं त्या रात्री आधी Archived chats मधून चॅट बाहेर काढलं, मग Delete केलं, मग मेमरीतलं ते वाक्य पुसलं, आणि फोनच्या कॅलेंडरवर ३० दिवसांनंतरची तारीख टाकली. आधारचे शेवटचे आकडे होते, पूर्ण नंबर नव्हता, म्हणून तेवढ्यावर थांबलो. नवीन डिस्चार्ज पेपर आलं तेव्हा तिनं वरची नाव-पत्त्याची पट्टी कागदानं झाकून फक्त औषधांच्या यादीचा फोटो काढला.