सोनेतारण कर्जाची जाहिरात कशी लिहावी

मंगळसूत्र गहाण ठेवायला निघालेल्या माणसाच्या मनात तीनच प्रश्न असतात: हातात किती पडतील, वेळ किती लागेल आणि दागिना परत कधी मिळेल? ‘विश्वास’ आणि ‘पारदर्शकता’ हे शब्द प्रत्येक कंपनीच्या फलकावर असतात, पण त्यातून यातल्या एकाचेही उत्तर मिळत नाही. म्हणून जाहिरात लिहिताना आधी हे दोन शब्द खोडा.

१. हिशेब मांडा. समजा, लाख भरलेल्या गोठांचे वजन 24 ग्रॅम आहे. लाख वजा जाता सोने उरते 20 ग्रॅम. त्या शुद्धतेचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरला, तर मूल्य 2 लाख होते. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या 85 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे येथे 1,70,000 रुपये. मात्र व्याज शेवटी एकरकमी भरायचे असेल, तर ते व्याजही याच मर्यादेत मोजले जाते आणि हातात कमी पडते. हे जाहिरातीत आले नाही, तर ग्राहकाला ते काउंटरवर कळते आणि तो तिथेच बिथरतो. खडे आणि लाख का वजा होते, हेही एका ओळीत सांगाच; भांडणे बहुतेक त्यावरूनच होतात.

२. वेळ शाखेत जाऊन मोजा. ‘पाच मिनिटांत कर्ज’ लिहू नका. शुद्धता तपासायला, वजनाला आणि सह्यांना वेळ लागतोच. गर्दीच्या दिवशी दागिना काउंटरवर ठेवल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा छापा. सोबत काय आणायचे, तेही लिहा.

३. परतीचे वचन आकड्यांत द्या. विश्वास खरा इथे बसतो. कर्ज पूर्ण फेडल्यावर कमाल सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत द्यावे लागतात. कंपनीमुळे उशीर झाला, तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. नियमच आहे, पण बहुतेक ग्राहकांना तो माहीत नसतो.

आता मजकूर असा होईल:

*“वजन तुमच्या डोळ्यांसमोर. खडे-लाख वजा करून निव्वळ सोन्याचा हिशेब तुमच्या हातात, मराठीत. आधार आणि पॅन घेऊन या. कर्ज फिटल्यावर दागिने सात कामकाजाच्या दिवसांत परत. आमच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई.”*

व्याजदर लिहिताना ‘फक्त अमुक टक्क्यांपासून’ एवढ्यावर थांबू नका. शुल्कासह वार्षिक खर्चाचा दर तितक्याच मोठ्या अक्षरांत द्या. हप्ते थकले तर लिलाव होऊ शकतो, ही ओळही ठेवा, आणि लिलावात येणे वजा जाऊन उरलेली रक्कम ग्राहकालाच परत मिळते, हे त्याच वाक्यात जोडा. छापण्यापूर्वी मजकूर शाखेतल्या मूल्यांकन करणाऱ्याला वाचून दाखवा. ज्या वाक्यावर तो ‘हे आपण करत नाही’ म्हणेल, ते वाक्य काढा.