जॉलाइन नाही म्हणून दाढी ठेवलीये? मग या चुका टाळा

माझी हनुवटी लहान आहे, आणि जबडा कानाखालून निघून कधी गळ्यात मिसळतो ते कळत पण नाही. त्यामुळे दाढी मी हौस म्हणून ठेवत नाही, गरज म्हणून ठेवतो. आणि गेल्या आठ-नऊ वर्षांत दाढीच्या ज्या काही चुका करता येतात त्या सगळ्या करून झाल्यात, काही तर दोनदा. त्यातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कॉमन चूक एकच आहे, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितोय.

ती चूक म्हणजे दाढीची खालची लाइन जबड्याच्या हाडावर मारणं.

ऐकायला हे बरोबरच वाटतं ना? जॉलाइन शार्प दिसायला हवीये, मग लाइन जॉवरच मारायची. सलूनमध्ये पण बऱ्याचदा हेच करतात, मान मागे टाकायला लावतात, वस्तारा घेतात आणि हाडाच्या कडेकडेने खालचं सगळं साफ, वर विचारतात "एकदम शार्प केलंय, बघा". आरशात समोरून दोन मिनिटं भारी पण वाटतं. घरी येऊन बाजूने कुणी फोटो काढला की कळतं काय झालंय ते.

होतं असं की ज्याचा जबडा मुळातच ठळक आहे त्याच्या हाडाखाली आपोआप सावली पडते, आणि लांबून आपल्याला जी जॉलाइन दिसते ती खरं तर ही सावलीच असते. आपल्याकडे हाड मागे आहे किंवा खाली थोडी चरबी आहे, म्हणजे हनुवटीपासून गळ्यापर्यंत काटकोन न होता उतार होतो, त्यामुळे सावली पडतच नाही. दाढी इथे कामाला येते, कारण केसांचा काळा भाग जिथे संपतो तीच कड बघणाऱ्याला जबडा वाटते. आता ती कड तुम्ही हाडावर आणून ठेवली की त्याच्या खालचा सगळा मऊ, गोरा, गुळगुळीत भाग उजेडात येतो, आणि जे झाकायचं होतं तेच फ्रेम करून दाखवल्यासारखं होतं. डबल चिन नसलेल्याला पण डबल चिन येते. तीच कड दोन बोटं खाली आणि मागे नेली की तो उतार केसांच्या आत जातो आणि जबडा आहे त्यापेक्षा खोल वाटायला लागतो.

मग लाइन नेमकी कुठे हवी? मान सरळ ठेवा, समोर बघा. गिळताना गळ्यात जो उंचवटा वर-खाली होतो, तो कंठमणी, त्याच्या वर एक ते दीड बोट, फार तर दोन. हा झाला मधला पॉइंट. काही जणांचा कंठमणी दिसतच नाही, त्यांनी तर्जनी आडवी धरून हनुवटीच्या खालून मागे सरकवत न्यायची, जिथे ती गळ्याला टेकून थांबते तो कोपरा म्हणजे तुमची जागा. बाकीचे दोन पॉइंट म्हणजे दोन्ही कानांच्या पाळ्यांच्या मागची बाजू. हे तीन पॉइंट पसरट यू आकारात जोडायचे, व्ही नाही. यूच्या खालचं सगळं साफ करा, वरचं काही काढू नका.

आणि हे मार्किंग मान वर करून करू नका प्लीज. मान वर केली की गळ्याची कातडी ताणली जाते, हनुवटीखालचा एरवी न दिसणारा भाग समोर येतो आणि तोच आपल्याला गळा वाटतो, मग हात आपोआप वर वर जात राहतो. मान खाली आली की लाइन बरोब्बर हाडावर. माझं तीन वेळा असंच झालंय. आधी सरळ बघून मधला पॉइंट ट्रिमरच्या कोपऱ्याने टेकवून ठेवा, नंतर मान वर करा आणि फक्त त्या खुणेच्या खालचं काढा.

उलट टोकाची चूक म्हणजे खाली काही न करणं. गळ्यावरचे केस शर्टाच्या कॉलरपर्यंत वाढू दिले की कड कुठेच राहत नाही, मग जबडा आणि गळा परत एकच.

आता लांबी. इथली चूक म्हणजे सगळीकडे एकच नंबर फिरवणं. सहा किंवा दहा एमएम लावला आणि कानापासून कानापर्यंत गरागरा फिरवला, झालं. मग गालावर जेवढी भर पडली तेवढीच हनुवटीवर पडली, म्हणजे चेहरा होता तसाच, फक्त सगळीकडून थोडा मोठा झाला. गोल चेहऱ्यावर तर दहा एमएमच्या गालांनी चेहरा अजून रुंद दिसतो. पूर्ण एक एमएमची खुंट ठेवणं पण आपल्या कामाचं नाही, त्यातून कातडी दिसते आणि कड पुसट होते.

आपल्याला फरक हवाय, गाल कमी आणि हनुवटी जास्त. मला जे जमतं ते असं की कल्ले आणि गाल 3-4 एमएम, जबड्याच्या कडेला 6, आणि हनुवटीच्या समोर 10 ते 12. हनुवटी खूपच मागे असेल तर 15 पर्यंत जाऊ द्या, कारण बाजूने बघताना हाड जिथे कमी पडतं तिथे पुढे येणारे केसच ती जागा भरतात. पण हनुवटीच्या खालचे, म्हणजे गळ्याच्या बाजूचे केस मात्र 5-6 वरच ठेवा. हे कुणी सांगत नाही. ते पण 12 ठेवले तर खाली फुगतात आणि ज्या पिशवीपासून पळत होतो तीच केसांची पिशवी तयार होते. केस पुढे हवेत, खाली लोंबायला नकोत.

ट्रिमिंग कोरड्या दाढीवर करा. ओले केस लांब आणि चपटे दिसतात, मग आपण जास्त कापतो आणि वाळल्यावर ते वर उचलले जातात. आणि लक्षात ठेवा, त्याच नंबरने केसांच्या उलट दिशेने फिरवलं तर जास्त छाटलं जातं, म्हणून आधी मोठा नंबर लावा आणि वरून खाली फिरवा, नंतर लागलं तर कमी करत जा.

तिसरी गोष्ट कानाखालचा कोपरा. जबडा कानाखाली जिथे वळून हनुवटीकडे जातो तिथे पटकन गोलाई मारली जाते, कारण मशीन तसंच सहज फिरतं. ज्याचा कोपरा मुळात दिसतच नाही त्याचा उरलासुरला पण गेला. कल्ल्यांपासून सरळ खाली या, कोपऱ्यावर आजूबाजूपेक्षा दोनेक एमएम जास्त राहू द्या, मग वळा. दाढीची मागची उभी कड पण पुढे ओढू नका, पाळीच्या रेषेतच राहू दे. ती अर्धा इंच पुढे आली की जबडा तेवढाच आखूड दिसतो.

गालावरच्या लाइनबद्दल फार काही नाही, जिथे नैसर्गिक आहे तिथेच ठेवा, वरचे सुटे केस तेवढे काढा. खाली आणत आणत जबड्यावर बारीक पट्टी उरवायची फॅशन आहे ती कमजोर जबड्याच्या माणसाने लांबूनच बघावी.

आता एक किस्सा सांगतो. माझा मावसभाऊ, वय 27, साखरपुड्याला पाच आठवडे राहिले होते आणि सलूनमधून अगदी वर लिहिलीये तशीच लाइन मारून आला. दाढी सगळीकडे 6 एमएम, खालून हाडापर्यंत चकाचक. मावशीने बघून "अरे तू जाड झालास का रे" विचारलं, वजन तेवढंच होतं. तो रडकुंडीला येऊन म्हणाला दादा सगळी काढून टाकतो. मी म्हटलं हात लावू नकोस.

पहिले दोन आठवडे गळ्यावर फक्त कंठमण्याच्या वरच्या एका बोटाखालचं रेझरने काढायचं, त्याच्या वर जे येतंय ते येऊ द्यायचं. दाढी दिवसाला साधारण पाव ते अर्धा एमएम वाढते, त्यामुळे चौदाव्या दिवशी उघड्या पट्टीवर पाचेक एमएम आले होते. पहिला आठवडा वाईट दिसतं हे खरं, दोन रंगांच्या दाढ्या असल्यासारखं, त्याने ऑफिसला मास्क लावून काढले ते दिवस. गाल दर आठवड्याला 4 वर आणत राहिलो आणि हनुवटीला अजिबात मशीन लावलं नाही. महिन्याने हनुवटी 16 च्या आसपास गेली, ती 12 वर आणली, खालचे 5, कोपरे 6. 4 वरून 12 वर जाताना मध्ये पायरी दिसत होती, तिथे 8 चा नंबर दोनदा हलक्या हाताने फिरवला. अंगठ्याने दाबून बघितलं की कळतं पायरी राहिलीये का.

आधी आणि नंतर असे फोटो काढले ते पण नीट. सेल्फी काढू नका, मोबाइल जवळ असला की नाक मोठं येतं आणि जबडा अजून मागे जातो. पाच-सहा फुटांवर, जबड्याच्या उंचीला मोबाइल ठेवायचा, टायमर लावायचा, एक समोरून, दोन बाजूंनी. खिडकीचा उजेड वरून किंवा बाजूने आला तर खरं काय ते दिसतं, समोरून फ्लॅश मारला की सगळ्यांचाच जबडा सपाट.

काही ठिकाणी हे चालत नाही ते पण सांगतो. हनुवटीवरच विरळ असेल तर लांबी वाढवून उलट भोकं जास्त दिसतात, तिथे सगळं 4-5 वर ठेवून फक्त खालची कड नीट सांभाळा, तेवढ्यानेही फरक पडतो. गळ्यावर केस कंठमण्यापर्यंत येतच नसतील तर जिथपर्यंत दाट येतात तिथेच लाइन. आणि खालचे दात वरच्यांच्या बरेच मागे असतील, चावताना त्रास असेल, तर तो दाढीचा विषय नाही, ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा.

मावसभावाचा साखरपुडा झाला, बाजूचे फोटो चांगले आले. लग्नाच्या आधी परत त्याच सलूनमध्ये गेला, पण यावेळी घरूनच गळ्यावर आयब्रो पेन्सिलने, होणाऱ्या बायकोच्याच, लाइन आखून. सलूनवाले दादा आधी हसले, मग म्हणाले "असं सांगितलं असतंत तर तेव्हाच केलं असतं की".