दोन किलोमीटर धावण्याची चाचणी: वेळेवरून पेस आणि गुण काढताना या चुका टाळा

आमच्या वर्गातली एक मुलगी दोन किलोमीटर ९ मिनिटे १० सेकंदांत धावली. मी तक्त्यात ९.१० लिहिले, दोनने भागले, ४.५५ आले. म्हणजे किलोमीटरला चार मिनिटे पंचावन्न सेकंद हा पेस धरून मी तिला पाचपैकी चार गुण दिले. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. म्हणाली, "सर, नऊ मिनिटांचे अर्धे साडेचार, दहा सेकंदांचे अर्धे पाच. मग माझं चार पस्तीस यायला हवं ना?"

तिचेच बरोबर होते. मिनिटात साठ सेकंद असतात आणि मी शंभर धरून भागाकार केला होता. ही चूक वर्षानुवर्षे सापडत नाही, कारण ती सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. १०:४० ला १०.४० लिहून भागले तर ५.२० येते आणि खरा पेसही ५:२० च असतो. मिनिटांचा आकडा सम असेल तेव्हा उत्तर आपोआप बरोबर येते. विषम असेल तर उरलेल्या अर्ध्या मिनिटाचे ३० सेकंद व्हायला हवेत, तिथे ५० होतात. म्हणजे ९, ११ किंवा १३ मिनिटांच्या घरात आलेल्या प्रत्येक मुलाचा पेस किलोमीटरमागे वीस सेकंदांनी मंद दिसतो. ११:४० चे ५.७० झाले तर निदान शंका तरी येते, कारण सत्तर सेकंद कुठे नसतात. पण ९:१० चे ४.५५ अगदी खरे वाटते, आणि नुकसान नेमके तिथेच होते.

जुना तक्ता तपासायचा असेल तर पेसच्या रकान्यावर नुसती नजर फिरवा. दशांशानंतर ३० ते ४९ यांतले काहीच कुठे दिसत नसेल आणि ६० ते ७९ मात्र दिसत असेल, तर हीच चूक झाली आहे. पन्नास मुलांच्या वर्गात एकाचाही पेस ४:३० ते ४:४९ मध्ये नाही, असे सहसा होत नाही.

यावर उपाय म्हणून वेळ अपूर्णविरामाने लिहायला गेलो की पुढचा खड्डा तयार असतो. स्प्रेडशीटमध्ये `9:10` टाइप केले की ते नऊ तास दहा मिनिटे समजले जाते. अर्धे केल्यावर ४:३५ च दिसते, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण त्याचे सेकंद काढले की ५५० ऐवजी ३३००० येतात आणि अख्ख्या वर्गाला एकच गुण मिळतो. वेळ तासांच्या शून्यासकट, `0:09:10` अशीच टाका. मग पुढची सूत्रे सरळ आहेत:

```
B2: =ROUND(A2*86400,0)
C2: =TEXT(A2/2,"m:ss")
D2: =IFS(B2<=560,5,B2<=620,4,B2<=680,3,B2<=740,2,TRUE,1)
```

पहिल्यात एकूण सेकंद, दुसऱ्यात पेस, तिसऱ्यात गुण. इथल्या मर्यादा, म्हणजे ९:२०, १०:२०, ११:२० आणि १२:२०, मी नमुन्यादाखल घेतल्या आहेत. तुमच्या चाचणीत त्या वयानुसार आणि मुला-मुलींसाठी वेगळ्या असतील, त्या घाला. तेरा वर्षांच्या मुलाला सोळा वर्षांच्या तक्त्यात बसवले तर बाकीची सगळी काळजी वाया जाते.

मी गुण पेसवरून न काढता एकूण सेकंदांवरून काढतो, त्यालाही कारण आहे. "४:४० पर्यंत पाच गुण, ४:४१ पासून चार" असा तक्ता कागदावर नीट दिसतो. आता एक मुलगा ९:२१ ला आला. त्याचा पेस ४ मिनिटे साडेचाळीस सेकंद. तो दोन्ही ओळींत बसत नाही. एकूण सेकंद विषम असले की हा अर्धा सेकंद येणारच. मग एक शिक्षक तो वर ढकलतो, दुसरा खाली. श्रेणीची सीमा एकूण वेळेवर बांधली की हा वादच उरत नाही. पेस मुलांना सांगण्यासाठी ठेवा, पुढच्या वेळी कोणत्या वेगाने सुटायचे हे त्यांना त्यातूनच कळते.

आता मैदान. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि ती तक्त्यात कधीच दिसत नाही. दोनशे मीटरची फेरी आपण फक्कीच्या रेषेवर टेप धरून मोजतो, पण मुले रेषेवरून धावत नाहीत. गर्दीत ती सहज मीटरभर बाहेरून जातात. बंद फेरीत सतत एक मीटर बाहेरून धावले की प्रत्येक फेरीला सुमारे ६.२८ मीटर जास्त पडतात. हे अंतर मैदानाच्या आकारावर अवलंबून नसते, मैदान लहान असो वा मोठे, तेवढेच वाढते. म्हणून मैदान जितके लहान, तितक्या फेऱ्या जास्त आणि तितकी चूक मोठी. दहा फेऱ्यांत जवळजवळ ६३ मीटर होतात.

एक उदाहरण घेऊ. एका मुलाची वेळ ९:३०, म्हणजे ५७० सेकंद. वरच्या तक्त्यात त्याला चार गुण. पण तो प्रत्यक्षात २०६३ मीटर धावला असेल, तर त्याच वेगाने नेमके दोन किलोमीटर त्याने सुमारे ५५३ सेकंदांत, म्हणजे ९:१३ मध्ये संपवले असते. पाच गुण! सतरा सेकंद मैदानाने खाल्ले. चारशे मीटरच्या ट्रॅकवरही आतली लेन सोडून पाचही फेऱ्या दुसऱ्या लेनमधून मारल्या, तर साधारण ३८ मीटर वाढतात.

यावर मी दोन गोष्टी करतो. वळणांवर खुणेचे कोन एकमेकांच्या जवळ ठेवतो आणि मोजताना टेप कोनांच्या ३० सेंटीमीटर बाहेरून धरतो, कारण पाय तिथून जातात. आणि एका वेळी दहा-बाराच मुले सोडतो, म्हणजे कोणाला बाहेरून वळसा घालावा लागत नाही. नंतर आकडेमोड करून वेळ दुरुस्त करायला मात्र जाऊ नका. कोण किती बाहेरून धावला हे कोणालाच सांगता येत नाही.

फेऱ्या मोजायला प्रत्येक धावणाऱ्यामागे एक जोडीदार ठेवा आणि त्याला प्रत्येक फेरीची वेळ लिहायला सांगा. दहापैकी एक फेरी राहिली तर अंतर १८०० मीटरच होते आणि मूल दोन श्रेणी वर जाऊ शकते. फेऱ्यांच्या वेळा हाताशी असल्या की गडबड लगेच कळते. सगळ्या फेऱ्या ५२ ते ५८ सेकंदांच्या आणि मध्येच एक १:५१ ची असेल, तर मूल थांबले नव्हते, जोडीदाराची एक नोंद सुटली आहे. पण ओळी नऊच आणि सगळ्या नेहमीच्याच वेळेच्या असतील, तर मूल एक फेरी आधीच थांबले. त्याला गुण देऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा धावू द्या.