गाडी मागून बसली म्हणून पाटा वाढवू नका

गाडी बसली की बहुतेक जण आधी शॉकअप बदलून टाकतात. साधा तेलाचा शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त गाडीचे हेलकावे आवरतो. वजन पेलतो तो पाटा, कॉइल, टॉर्शन बार किंवा हवेचा फुगा. म्हणून खर्चाआधी रिकामी गाडी सपाट जागी उभी करा आणि हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा.

सगळ्यात महागात पडते ती जादा पाट्याची चूक. समजा, कांदा वाहणाऱ्या पिकअपला मागे 8 मिमीचे 5 पाटे आहेत आणि मालकाने त्यात 10 मिमीचा एक घातला. लांबी-रुंदी सारखी धरली, तर पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. जुन्या पाच पाट्यांचे 5 गुणिले 512, म्हणजे 2560 आणि नव्या एकट्याचे 1000. संच 39 टक्क्यांनी कडक झाला! रिकामी गाडी उड्या मारते. तेवढ्याच वाकण्यात जाड पाट्यावर ताण जास्त येत असल्याने तोच आधी तडकतो. ॲक्सल आणि ब्रेकची ताकद मात्र होती तेवढीच राहते.

पाटा वजन पेलतो तसाच ॲक्सलही जागेवर धरून ठेवतो, आणि ही पकड यू-बोल्टची असते. संच 10 मिमीने जाड झाला तरी जुनेच यू-बोल्ट ओढून बसवतात, नटाला जेमतेम दोन-चार आटे मिळतात. ते ढिले झाले की सेंटर बोल्ट कापला जातो, ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. पाट्यांच्या फटीत, यू-बोल्टजवळ तांबूस भुकटी दिसली तर संच हलतोय असं समजा. कंपनीच्या मापाचा पूर्ण संच आणि नवे यू-बोल्ट घाला. नट आलटून पालटून, टॉर्क पान्याने आवळा. 500 किमीनंतर पुन्हा आवळायचं काम घाईत टाळलं जातं, तिथेच सगळं बिघडतं.

कॉइल कापून गाडी खाली घेणं तर बंदच करा. 8 चालत्या वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग सुमारे 14 टक्के कडक होते, शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही.

टॉर्शन बार म्हणजे पीळ घेऊन वजन पेलणारी दांडी. शेवरोले टवेराच्या पुढच्या चाकांना ती आहे. तिचा बोल्ट आवळल्याने उंची वाढते, दांडी कडक होत नाही. उंची बदलली की अलाइनमेंट करायलाच हवं. डावी-उजवी दांडी अदलाबदल करू नका, त्यांना पीळ एकमेकींच्या उलट दिशेचा दिलेला असतो.

फुग्यात वजन पेलतो तो हवेचा दाब: 300 चौरस सेंमी परिणामी क्षेत्रफळावर 5 बार म्हणजे सुमारे 1500 किलो. एक कोपरा बसला की लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी वाकवू नका. आधी साबणाचं पाणी फुग्यावर आणि जोडांवर लावून गळती शोधा. चेसिसखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नका, हवा गेली की चेसिस एकदम खाली येते.